वहीत लिहिलेलं जेवण

सासूबाई मोरीत घसरून पडल्या तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. मांडीच्या वरच्या टोकाचं हाड मोडलं. परळच्या मोठ्या म्युनिसिपल इस्पितळात ऑपरेशन झालं, आत पट्टी-स्क्रू बसवले आणि तीन आठवड्यांनी त्यांना घरी आणलं. निघताना तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं.

"रोज तीनदा उभं करायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. वॉकर धरून आधी नुसतं उभं राहणं, मग चार पावलं. पडून राहिल्या तर त्या पडूनच राहतील."

मी पिशवीतून वही काढली आणि लिहून घेतलं. गिरण्यांच्या संपाच्या वर्षात मला वहीची सवय लागली होती. घरात काय आहे आणि ते किती दिवस पुरेल, हे लिहून ठेवलं नाही तर डोकं चालायचं नाही. संप मिटला की विरला हे आम्हाला कधी नीट कळलं नाही. यजमानांची गिरणी काही उघडली नाही. त्यांना शिवडीला एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी मिळाली, बारा तासांची, सकाळी सात ते संध्याकाळी सात. वही माझ्याकडे राहिली.

आमची खोली लालबागला, तिसऱ्या मजल्यावर. घरात चार माणसं: आम्ही दोघं, सासूबाई आणि दहावीतली मुलगी. सकाळचं उभं राहणं यजमान निघण्याआधी व्हायचं आणि संध्याकाळचं ते आल्यावर. प्रश्न होता दुपारचा. मुलगी शाळेत किंवा शिकवणीला. त्या वेळी घरात मी आणि सासूबाई, दोघीच.

पहिल्या दुपारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच मी केलं. सासूबाईंच्या कमरेला जुनं सुती लुगडं घडी करून पट्ट्यासारखं बांधलं. त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, त्यांचे पाय जमिनीवर टेकवले, माझे गुडघे वाकवून त्यांच्या गुडघ्यांसमोर लावले. दंड धरून ओढायचं नाही, कमरेचा पट्टा धरायचा. त्यांनी पुढे झुकायचं आणि तीन म्हटलं की दोघींनी एकदम उठायचं. एक, दोन, तीन म्हटलं. त्या अर्ध्या उठल्या आणि माझ्या मांड्या थरथरून गेल्या. मी कशीबशी त्यांना परत खाटेवर टेकवलं आणि स्वतः फरशीवर बसले.

सासूबाई हाडापेराने मोठ्या. माझं वजन शेहेचाळीस किलो, त्यांचं साठाच्या वर.

"तुझ्यान काय होवचा नाय गो," त्या म्हणाल्या. रागाने नाही, हिशेब सांगावा तसं.

त्या रविवारी गावाहून माझे धाकटे दीर आले. माणूस चांगला, पण घाईचा. सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही एकट्या बाईमाणूस किती करणार? आईला मी घेऊन जातो. गावाला जागा आहे, माणसं आहेत."

गावची जागा मला माहीत होती. दर खोलीला उंच उंबरा, संडास परसात, माडांच्या पलीकडे. जाऊबाईंची कंबर आधीच धरलेली. तिथे सासूबाईंना खाटेवर ठेवतील, वेळेवर पेज देतील, काही कमी पडू देणार नाहीत, आणि उभं कोणीच करणार नाही.

दीर चहा प्यायला शेजाऱ्यांच्या खोलीत गेले तेव्हा सासूबाईंनी माझा पदर धरला. "माका गावाक धाडू नको. थंय गेलंय तर खाटेरच रवतलंय."

मी दिरांना म्हटलं, "गणपतीपर्यंत थांबा. न्यायला तुम्हीच या. तोवर दुपारचं मला एकटीला जमलं नाही, तर घेऊन जा. मी अडवणार नाही."

दिरांनी यजमानांकडे पाहिलं. यजमान म्हणाले, "ती म्हणते तर बघू."

गणपतीला साडेतीन महिने होते.

आमच्या खालच्या मजल्यावर म्युनिसिपल शाळेतून निवृत्त झालेल्या कवायतीच्या बाई राहायच्या. आख्खी चाळ त्यांना बाईच म्हणायची. मी त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "मला ताकद हवी आहे. व्यायामशाळेत जायला वेळ नाही आणि तिथे बायकांना कोण घेणार? घरात काय करता येईल?"

बाईंनी मला आधी पाटावर बसून उठायला लावलं. मग भिंतीला हात लावून जोर काढायला. मग पाठीवर झोपून, पाय जवळ घेऊन कंबर वर उचलायला. शेवटी जिन्याच्या पायरीवर चढ-उतार, दहा उजव्या पायाने, दहा डाव्या.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं आधी करून दाखव. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधले दिवस विश्रांती. दोन आठवड्यांनी पाट काढून टाकायचा, भिंतीऐवजी ओट्यावर हात टेकायचे. आणि उभं करायचं तंत्र रोज, त्याला सुट्टी नाही. दुपारी मी वर येत जाईन, दोघी मिळून उठवू."

व्यायाम सकाळी दहाला. तोवर यजमान आणि मुलगी गेलेली असायची, पाणी भरून झालेलं असायचं. दार लोटून घ्यायचं, साडीचा काचा मारायचा आणि सुरू. सासूबाई खाटेवरून बघायच्या. बैठका मोजायचं काम त्यांनी आपणहून घेतलं, पण मोजताना चुकायच्या आणि चूक नेहमी कमीकडेच व्हायची.

"आठ."

"दहा झाल्या, आई."

"आठच झाल्ये. माका मोजता येता."

पहिल्या महिन्यात बरं वाटलं. सहा बैठकांच्या अकरा झाल्या. नंतर तिथेच अडलं. अकरा झाल्या की डोळ्यांपुढे काळे ठिपके यायचे, भिंत धरावी लागायची. पाचव्या आठवड्यात अकराच्या नऊ झाल्या. सासूबाईंना घेऊन इस्पितळात दाखवायला गेले तेव्हा तिथल्या काट्यावर मीही उभी राहिले. चव्वेचाळीस. दोन किलो गेले होते. ताकद कमवायला निघाले होते आणि अंगावर होतं तेच उतरत होतं.

बाईंना सांगितलं. त्यांनी आधी विचारलं, "चक्कर येते ती रक्त कमी असल्यामुळे असेल. तपासलंस?" दुसऱ्या दिवशी तपासलं. कमी होतं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. मग बाईंनी दुसरा प्रश्न केला. "खातेस काय?"

या प्रश्नाची मी वाटच पाहत होते. वही उघडून त्यांच्यापुढे ठेवली. पाच आठवडे, रोजची नोंद. सोमवार, उपवास. मंगळवार, बांगड्याचं सार, भात, तांदळाची भाकरी, लाल माठ. बुधवार, मुगाची आमटी, भात, चपाती, अंड्याचं कालवण. गुरुवार, कुळथाची पिठी, भात, भेंडी. शुक्रवार, बोंबील, सोलकढी. मला त्या पानांचा अभिमान होता.

बाईंनी दोन पानं वाचली. चष्मा काढला. "हे घरात शिजलेलं आहे."

"हो."

"तू खाल्लेलं कुठे लिहिलंयस?"

मी म्हटलं, "तेच की. मी काही वेगळं जेवत नाही."

"उद्या तुझं ताट वाढून खाली माझ्याकडे आण," बाई म्हणाल्या. "जेवायचं नाही. नेहमी वाढून घेतेस तसंच वाढायचं. माझ्यासाठी म्हणून एक शीत जास्त नको."

दुसऱ्या दिवशी रविवार, बांगड्यांचा दिवस. सगळ्यांचं जेवण झालं, भांडी आवरली आणि नेहमीप्रमाणे शेवटी मी माझं ताट वाढलं. ते दुसऱ्या ताटाने झाकून, वेगळ्या हातात चहाचा पेला धरून जिना उतरले. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी गॅलरीत बसल्या होत्या. "कोणाला नैवेद्य?" म्हणाल्या. "बाईंना," मी म्हटलं आणि पुढे झाले.

बाईंनी झाकण काढलं. भात भरपूर. त्यावर साराचं पाणी. साराच्या कडेला बांगड्याची एक शेपूट. चमचाभर कोबी. आणि पेलाभर चहा, तो मी जेवणाबरोबरच घ्यायचे, कारण एरवी बसायला मिळायचं नाही.

"बांगडे किती आणले होते?"

"तीन."

"तीन मधले तुकडे कोणाला गेले?"

"ह्यांना, आईंना, मुलीला. एक डोकं ह्यांना आवडतं. बाकीची दोन सारात चवीला."

"म्हणजे तिन्ही शेपट्या तुझ्या?"

"एकच. दोन संध्याकाळला ठेवल्यात."

बाईंनी चमचा घेतला. त्यांनी ती शेपूट चमच्याने उलटी केली, काटे बाजूला सारले. मांस निघालं ते दोन बोटांच्या पेरांएवढं. "आणि आमटी वाढताना पळी कुठे जाते तुझी?"

मला उत्तर ठाऊक होतं. माझ्यासाठी पळी वरून जायची. डाळ खाली बसलेली असते. तळातून ढवळून मी सगळ्यांना वाढायची. शेवटी पातेल्यात निवळ उरायची, तीच मी भातावर ओतायची. कोणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. संपाच्या वर्षात एका वाटीची डाळ चार माणसांना पुरवायची होती. तेव्हा सुरू झालं. सगळे जेवले का बघायचं, मग बसायचं. कोणी विचारलं तर 'मी मघाशीच खाल्लं' म्हणायचं. पुढे पगार सुरू झाला, डाळ दाट झाली, बांगडे तीन यायला लागले. माझ्या ताटापुरता मात्र संप चालूच होता. आणि वहीत मी पातेलं लिहीत होते.

बाईंनी माझ्याच वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले. त्यांचं म्हणणं साधं होतं. व्यायामाने स्नायू झिजतात आणि खाण्यातल्या प्रथिनांनी भरून येतात. माझ्यासारखीला दिवसाला वजनाच्या किलोमागे ग्रॅमभर तरी हवीत, म्हणजे पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम. अंड्यात सहा. पेलाभर दुधात सहा-सात. दाट डाळीच्या वाटीत सात-आठ. बांगड्याच्या चांगल्या मधल्या तुकड्यात पंधराच्या आसपास. मूठभर शेंगदाण्यांत सात. भातात आणि भाकरीत थोडी थोडी, पण डाळीच्या जोडीला बसली की त्यांचा उपयोग वाढतो.

"तुझी पिठी," त्या म्हणाल्या, "कुळीथ उत्तम. पण चार माणसांच्या पिठीत पीठ किती घालतेस?"

"तीन चमचे."

"म्हणजे तुझ्या वाटीत पाऊण चमचा. बाकी पाणी आणि लसणीचा वास."

माझ्या खऱ्या ताटाची बेरीज पंचवीसच्या वर जाईना. त्यात सकाळी सात ते दुपारी दीडपर्यंत पोटात चहा आणि त्यात बुडवून खाल्लेलं एक बटर. दहाच्या व्यायामाला मी रिकाम्या पोटी उभी राहत होते. त्यातला सोमवार तर निर्जळीच्या जवळपासचा. गिरणी उघडावी म्हणून मी सोमवार धरले होते. गिरणी उघडली नाही, सोमवार राहिले.

"सोमवार सोडू का?" मी विचारलं.

"ते तुझं तू बघ. मी सांगेन ते एवढंच, उपवासाच्या दिवशी बैठका नाहीत."

बाईंच्या स्टोव्हवर त्यांनी माझा भात गरम करून दिला, आपल्यासाठी केलेल्या अंड्यांतली दोन त्यावर ठेवली आणि चहाचा पेला उचलून मोरीत ओतला. "चहा जेवणानंतर तासाभराने. जेवणातलं लोह चहा लागू देत नाही. गोळीसुद्धा चहाबरोबर नाही. लिंबू मात्र पिळ."

त्या संध्याकाळी मी नवीन यादी केली. पहिली अट मी स्वतःच घातली: माझ्यासाठी वेगळी चूल पेटणार नाही. स्टोव्ह एक, वेळ तीच, बाजार तोच. जे शिजतं त्यातूनच काढायचं. वेगळं करायला गेले असते तर आठ दिवसांत सोडून दिलं असतं, हे मला माझ्याबद्दल माहीत होतं.

व्यायाम मंगळवार, गुरुवार, शनिवारवर नेला. सोमवार ठेवला, पण संध्याकाळच्या एका साबुदाण्याच्या ताटाऐवजी सकाळी दूध, दुपारी भाजलेले शेंगदाणे आणि केळं, रात्री वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. सकाळी यजमानांचा डबा भरतानाच कालची उरलेली अर्धी भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी मी बसून खायला लागले. डब्यासाठी कुकर लागायचाच, त्याच्या तळच्या पाण्यात एक अंडं धुऊन ठेवायचं. कधी तडकायचं, पण शिजायचं. व्यायाम झाला की ते अंडं आणि कालच्या उसळीतली बाजूला काढलेली वाटी. पिठीत तीनऐवजी सहा चमचे पीठ. घरच्यांनी दाट झाली म्हणून तक्रार केली नाही, उलट मुलीने दुसऱ्यांदा मागितली. आमटी वाढायच्या आधी पातेलं तळापासून ढवळायचं आणि सर्वांत आधी माझी वाटी भरून झाकून ठेवायची.

शेवटची ओळ लिहायला सोपी होती.

पहिल्याच दिवशी सासूबाईंच्या लक्षात आलं. खाट स्वयंपाकाच्या ओट्यासमोरच, त्यांच्या नजरेतून काही सुटायचं नाही.

"ती वाटी कोणाची?"

"माझी."

"आधी सुनेन काढून घेवचा? ह्या खंयचा नवीन?"

मी म्हटलं, "आई, मी शेवटी बसते तेव्हा पातेल्यात पाणी राहतं."

"आमी काय जेवलव नाय? मी जलमभर शेपटेच खाल्लंय. मेलंय काय?"

यजमान ताटावर बसले होते. त्यांनी घास हातात धरला आणि कोणाकडेच पाहिलं नाही. मग म्हणाले, "अगं, मागाहून घे ना. काय फरक पडतो?"

"फरक वहीत आहे," मी म्हटलं. "दाखवू?"

"जेवताना वही नको," ते म्हणाले आणि जेवू लागले. पण वाटी हलवायला त्यांनी सांगितलं नाही. मी ती हलवली नाही.

चार-पाच दिवस सासूबाईंचे टोमणे चालू होते. आलेल्या बायकांना सांगायच्या, "आमची सून पैलवान होताहा. तिचा आधी, मग देवाचा." बायका हसायच्या. मीही हसायची आणि वाटी काढायची.

मासळीचा प्रश्न मात्र वाटीने सुटत नव्हता. बांगडे तीन आणि मधले तुकडे तीन. मी माझ्यासाठी मधला तुकडा घेतला तर कोणाचा घ्यायचा? पुढच्या मंगळवारी सासूबाईंनी आपल्या ताटातला मधला तुकडा उचलून माझ्या ताटात टाकला. तोंड फिरवून म्हणाल्या, "खा. उद्या माका पाडशीत."

मी तो परत त्यांच्या ताटात ठेवला. "तुम्हाला हाड भरायचंय. मला लागतं त्यापेक्षा तुम्हाला कमी लागत नाही. तुम्ही दिलात तर उभी मी राहीन आणि तुम्ही बसाल."

"मग काय तर? रोज भांडाचा?"

भांडायचं नव्हतं, म्हणून मी बाजार बदलला. आमच्या बाजारातली कोळीण मावशी मला वर्षानुवर्षं बांगडेच द्यायची. तिला म्हटलं, "मांदेली दे."

"पोरांना काटे लागतात म्हणून नको म्हणायचीस ना?"

"आता पोर मोठी झाली. आणि मांदेलीला मधला तुकडा नसतो."

मग तिने दोन वाटे पिशवीत टाकले आणि वर एक मूठ घातली.

मांदेली मोजून वाढता येतात. प्रत्येकाला दहा, मलाही दहा. बारीक काट्यांसकट चावून खाल्ली की हाडांनाही बरी, असं बाई म्हणाल्या. बोंबील तसेच, प्रत्येकी दोन. बांगडे आणलेच तर ते आडवे न कापता काटा काढून चार सारखे भाग करायची, ते काम कंटाळवाणं होतं पण जमलं. यजमानांना पहिल्यांदा बांगड्याचा तुकडा ओळखू येईना. "ह्याला काय झालं?" म्हणाले. सासूबाई म्हणाल्या, "वाटणी झाली."

त्यानंतर वाटीवरून त्या काही बोलल्या नाहीत. उलट एका शनिवारी, मी पाण्याच्या गडबडीत होते तेव्हा, खाटेवरून आवाज आला, "गो, तुझी वाटी रवली." मुलीला त्या म्हणाल्या, "आधी आवशीचा काढ."

वही मी पुन्हा आखली. आता दोन रकाने. डावीकडे शिजलं ते, उजवीकडे मी खाल्लं ते. पहिल्या आठवड्यात उजवा रकाना फसवायचा मोह झाला. एका गुरुवारी पाहुणे आले, माझं अंडं त्यांच्या मुलाला गेलं, आमटी संपली. मी उजवीकडे 'भात, लोणचं' असं लिहिलं आणि रात्री दूध प्यायले. दूधही लिहिलं. खोटं लिहून अकराच्या बारा होणार नव्हत्या.

बारा व्हायला तीन आठवडे गेले. काळे ठिपके आधी कमी झाले, मग थांबले. पंधरा झाल्या, मग अठरा. ओट्यावरचे जोर पाटावर आले. वजन शेहेचाळीसवर परतलं आणि पुढे सत्तेचाळीस झालं. सासूबाईंच्या मोजण्यातली चूक तेवढी सुधारली नाही. दुपारी बाई वर यायच्या, पण हळूहळू त्यांनी हात मागे घेतला. आधी त्या दुसऱ्या बाजूने पट्टा धरायच्या, मग एका हाताने, मग नुसत्या शेजारी उभ्या राहायच्या. नारळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी त्या आल्याच नाहीत. मी दहा मिनिटं वाट पाहिली. नंतर कळलं की त्या मुद्दाम आल्या नव्हत्या.

"आज दोघीच," मी म्हटलं.

"पडलंय तर?" सासूबाईंनी विचारलं.

"पडलात तर आधी मी पडेन, तुम्ही माझ्यावर."

पट्टा बांधला. गुडघ्यांना गुडघे लावले. एक, दोन, तीन. त्यांनी जोर लावला तो मला जाणवला. गेल्या अडीच-तीन महिन्यांत त्यांच्याही पायात काही आलं होतं. माझ्या मांड्या तापल्या, पण थरथरल्या नाहीत. त्या उभ्या राहिल्या. मी वॉकर पुढे ओढला. चार पावलं गेल्या, चार आल्या. बसल्यावर दोघींनाही दम लागला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. एक दिवस जमलं त्याला मी जमलं म्हणत नव्हते.

दीर आले ते गणपतीच्या आठ दिवस आधी. येताना रात्रीच्या एस्टीची परतीची तिकिटं काढूनच आले होते, त्यात एक आईचं. पुढची सीट मागून घेतली होती, पाय लांब करता यावेत म्हणून. दारात चप्पल काढता काढताच म्हणाले, "आईची तयारी झाली का?"

"बसा," मी म्हटलं. "चार वाजायचेत. चारला उभं करायची वेळ."

यजमानांनी त्या दिवशी सुट्टी घेतली होती. ते उठून पुढे आले तेव्हा मी त्यांना हाताने थांबवलं. दीर खुर्चीच्या टोकावर बसून होते. सासूबाईंनी स्वतःच खाटेच्या कडेला सरकून पाय टेकवले, पदर खोचला. मी लुगड्याचा पट्टा बांधला.

दीर म्हणाले, "वहिनी, मी धरतो एका बाजूने. उगाच…"

"नको, भावजी. ठरलं होतं तसंच."

"तू गप रव," सासूबाई त्यांना म्हणाल्या. "मोजतंय मी." आणि त्यांनीच मोजलं, "एक, दोन, तीन."

उठल्या. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात वॉकरवर गेला. चार पावलांवर मी थांबायला सांगितलं, त्या थांबल्या नाहीत. उंबऱ्यापाशी मी वॉकर उचलून पलीकडे ठेवला, त्यांनी बरा पाय आधी टाकला की दुखरा, हे मी नीट बघितलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याप्रमाणे बरा पायच आधी. दुखरा मागून आला. त्या गॅलरीत पोचल्या आणि त्यांनी वॉकर सोडून कठडा धरला. पडल्यापासून त्यांनी गॅलरीत उभं राहून खालचं अंगण पाहिलं नव्हतं. खाली मंडप उभा राहत होता, बांबू बांधणाऱ्यांची आरडाओरड चालू होती.

दीर मागे येऊन उभे राहिले. मग हळूच विचारलं, "हे रोज?"

"रोज तीनदा. दुपारचं मी एकटी."

ते यजमानांकडे वळले. "एक तिकीट परत करायला हवं. पाचनंतर घेत नाहीत."

"मग निघ," यजमान म्हणाले. "मी येतो डेपोपर्यंत."

दोघं जिना उतरले. सासूबाई कठड्याला धरून खाली बघत होत्या. मी त्यांच्या मागे, गुडघे किंचित वाकवून, पट्टा दोन्ही हातांत धरून उभी होते. पाच मिनिटं झाली. इतका वेळ त्या कधी उभ्या राहिल्या नव्हत्या.

"आई, बसायचं आता?"

"ऱ्हव गो वाईच," त्या म्हणाल्या. "तो बांबू वाकडो बांधतत."

मी पाय थोडे रुंद केले आणि थांबले.